काकूंच्या डोक्याला सुट्टी

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं की लोकांना वाटतं मी आईवडिलांचं नाव घेईन, नाहीतर एखाद्या सरांचं. त्यांचे आहेतच. पण पहिला मान मी महाडच्या एसटी स्टँडामागे खानावळ चालवणाऱ्या काकूंना देतो. काकू नाते गावच्या, पण माझ्या नात्यातल्या नव्हेत. हा विनोद त्या स्वतःच करतात, आणि दर वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारख्या हसतात.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. तिथून कॉलेजात गेलेला मी पहिला. महाडला खोली घेऊन राहिलो तेव्हा भात लावता येत नव्हता आणि बाहेर खायची सवय नव्हती. वर्गातल्या एका मुलाने काकूंच्या खानावळीत नेलं. ड्रायव्हर, कंडक्टर, कोर्टात तारखेला आलेली माणसं, एमआयडीसीतले कामगार आणि आम्ही विद्यार्थी, सगळे एकाच बाकावर. काकू चुलीपुढून न वळता ओरडल्या, "नवीन कोण रे तो? ताट धरून बसलाय बघ, जसा काय फोटो काढायचाय." त्या दिवसापासून मी तिथलाच.

दुसऱ्या वर्षाला मला कावीळ झाली. काकूंनी माझं ताटच बदलून टाकलं. इतरांना बांगड्याचं कालवण आणि मला पेज. मी रडकुंडीला आलो की म्हणायच्या, "पोटाला सुट्टी दे. पोट काय एसटी हाय, रोज सुटायलाच पाह्यजे?" डॉक्टरांचं औषध चालू होतंच, पण वास येत असतानासुद्धा मासा तोंडात जाऊ न देण्याचं काम काकूंचं. निकाल लागला तेव्हा त्यांनी शिरा केला आणि ज्याच्या त्याच्या ताटात वाढत सांगितलं, "आमचा पोरगा बीए झाला." कंडक्टर म्हणाले, "काकू, तुमचा तर डोंबिवलीला असतो ना?" "हा दुसरा," काकू म्हणाल्या.

बीए झाल्यावर मी स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी मुंबईला चुलत्याकडे गेलो. परीक्षा दिल्या, पास झालो नाही. चुलत्यांच्या ओळखीने एका मोठ्या पार्लरमध्ये आधी झाडलोट, मग केस धुणं, मग कापणं असं शिकत गेलो, आणि मला ते काम मनापासून आवडलं. रीतसर शिक्षण घेतलं, प्रमाणपत्र मिळवलं आणि महाडला परत येऊन मोबाइलच्या दुकानावरच्या माडीवर पार्लर उघडलं. बायकांचं आणि पुरुषांचं, दोन्ही. वाडीत चर्चा झाली, "एवढं शिकून केस कापतोय." आणि महाडात पुरुषाच्या हातात केस द्यायला एकही बाई जिना चढेना. बाहेरून पाटी वाचून जायच्या.

एक दिवस दुपारची पंगत उठल्यावर काकू पदराला हात पुसत जिना चढून आल्या. खुर्चीत बसल्या आणि अंबाडा सोडला.

"शीक माझ्यावर," म्हणाल्या.

"शिकून आलोय काकू."

"मग दाखव. आणि खिडकी उघडी ठेव. खालच्या बायांना दिसू दे, मी जिवंत हाय ते."

त्यानंतर माझ्याकडे बायका येऊ लागल्या. पहिल्या दोन-चार तर काकूंनीच पाठवलेल्या. म्हणून म्हणतो, पहिला मान त्यांचा.

काकू माझ्याकडे केस काळे करायला येऊ लागल्या. नियम असा की आधी रंगलेल्या केसांवर पुन्हा पुन्हा रंग ओढायचा नाही. मुळाशी जेवढं पांढरं उगवलं तेवढ्यालाच लावायचा. काकूंना मी सुरुवातीला दीड-दोन महिन्यांनी बोलावत असे. हळूहळू त्या स्वतःच लवकर यायला लागल्या. "भांगात पांढरी रेघ दिसते रे, पाटीवर खडूने मारल्यासारखी." मी कधी हो म्हणायचो, कधी पुढच्या आठवड्यावर ढकलायचो.

त्यांना घाई होती, त्याला कारण होतं. डोंबिवलीचा मुलगा कुरिअर कंपनीत नोकरीला. चांगला आहे, आईवर जीव आहे. पण त्याचं एकच म्हणणं, आई म्हातारी झाली, आता खानावळ बंद करून आपल्याकडे यावं. दर रविवारी संध्याकाळी तो व्हिडिओ कॉल करी आणि दर रविवारी विषय निघे. काकूंचं उत्तरही ठरलेलं, "म्हातारी कोण? नीट बघ फोनात." काळे केस हा त्यांच्याकडचा एकमेव पुरावा होता. बाकी गुडघे दुखतात हे त्याला माहीत होतं.

यंदा शिमग्याला तो आठवडाभर येणार होता. खानावळीचा गाळा सोडायचा की नाही ते समोरासमोर बसून ठरवायचं, असं सांगून. काकू शिमग्याच्या बरंच आधी माझ्याकडे येऊन बसल्या. "आज एकदा लाव आणि तो यायच्या आदल्या दिवशी एकदा. एकदम कुळकुळीत पाह्यजे."

मी त्यांच्या खांद्यावर कापड टाकलं, कंगवा फिरवला आणि थांबलो. कापडावर केसांचे बारीक बारीक तुकडे पडले होते. केस गळतो तेव्हा तो मुळापासून येतो, त्याच्या टोकाला पांढरा ठिपका असतो. हे तसे नव्हते. हे मधूनच तुटलेले होते. कपाळाजवळ आणि कानामागे कातडी लाल झाली होती आणि खाजवल्याच्या खुणा होत्या.

"काय रे, ब्रश घेऊन उभा राह्यलास, आरती म्हणतोस काय?"

"काकू, केस तुटतायत."

"तुटत नायत, गळतायत. वय झालं का गळणारच." मग लगेच, "वय झालं असं मी म्हटलं नाय हां."

मी एक केस ओला करून दोन बोटांत धरून ओढला. चांगला ओला केस थोडा ताणला जातो आणि सोडला की मागे येतो. काकूंचा केस जास्त शिजलेल्या शेवयीसारखा लांबला आणि तुटला. मी त्यांना आरशात दाखवलं. त्यांनी आरशाऐवजी माझ्याकडे बघितलं.

"आज रंग नको," मी म्हणालो. "पुढचे काही महिनेही नको."

"खुळा झालास? शिमग्याला पोरगा येतोय."

"म्हणूनच सांगतो. अजून दोनदा लावला तर शिमग्याला पुढचे केस राहणार नाहीत."

"तू नाय लावलास तर दुसरा लावेल. महाडात तू एकटाच हायस काय?"

कापड त्यांनी स्वतःच काढलं आणि जिना उतरून गेल्या. उतरताना प्रत्येक पायरीवर काहीतरी बोलत होत्या. मला शेवटचं तेवढं ऐकू आलं, "पेज पाजून वाढवला!"

मला कोडं सुटत नव्हतं. मी लावतो तेवढ्याने एवढी नासाडी व्हायला नको होती. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला गेलो. गर्दी ओसरल्यावर विचारलं, "काकू, घरी काय लावता केसांना?"

"खोबरेल. दुसरं काय नाय. देवाशप्पथ."

भाकऱ्या थापणाऱ्या मावशी परातीतून मान वर न करता म्हणाल्या, "आणि रविवारची मेंदी गो?"

"ती मेंदी हाय, कलर नाय," काकू म्हणाल्या.

चहाच्या डब्यामागे फळीवर पाकिटं होती. पुढे मेंदीच्या पानांचं चित्र, वर लिहिलेलं 'काळी मेंदी'. काकू दर रविवारी दुपारी ती पाण्यात कालवून भांगापासून टोकापर्यंत लावत होत्या, संध्याकाळच्या व्हिडिओ कॉलसाठी. मी पाकिटाची मागची बाजू वाचली. अक्षरं मुंगीएवढी. माझ्या रंगाच्या ट्यूबमध्ये काळा रंग देणारा जो पदार्थ असतो, तोच यात. मेंदीची पूड नावाला.

"काकू, हा रंगच आहे. मेंदी काळी नसतेच. मेंदीचा रंग कसा येतो? हाताला लावतो तेव्हा?"

"तांबडा."

"मग हा काळा कुठून आला?"

"काळी मेंदी हाय म्हणून काळा," काकू म्हणाल्या, आणि मावशी खो खो हसल्या. मीही हसलो. तेवढ्यात एसटीचे चार जण जेवायला आले. "अरे पुतण्या, वाढायला लाग नायतर जागा मोकळी कर," असं म्हणून काकूंनी विषय चुलीत घातला.

काकूंशी तोंडी भांडून आजवर कोणी जिंकलेलं नाही. डेपोतले कंट्रोलर हरलेत. पण त्यांची एक सवय मला माहीत होती. त्या सातवीपर्यंत शिकल्यात आणि लिहिलेला कागद हातात आला की तो पुरा वाचतात, वाण्याच्या पुडीचासुद्धा. वाचताना मध्ये बोलत नाहीत. सोमवारी माझं पार्लर बंद असतं. त्या सकाळी बसून मी पत्र लिहिलं. रात्रीचा डबा मला त्यांच्याकडूनच येतो. रिकामा डबा परत पाठवताना वरच्या पुडात पत्र ठेवलं.

त्या रात्री डब्यात नुसता वरणभात आला. दुसऱ्या दिवशीही. सुकट नाही, लोणचंसुद्धा नाही. मी समजलो. डबा घेऊन येणाऱ्या मावशींना विचारलं, "रागावल्यात का?"

"वाचत असते," मावशी म्हणाल्या. "काल तव्यावर भाकरी करपली, एवढी वाचत होती. माझ्यावर ओरडली, वास येत नाय का गो तुला म्हणून."

आणखी काही दिवस वरणभात चालला. मग एकदा डबा उघडला, तर खालच्या पुडात सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी, आणि वरच्या पुडात काळ्या मेंदीची पाकिटं. सगळी. एक उघडलेलंसुद्धा, तोंडाला रबर लावून.

मग काकू आल्या, जिना चढताना काही न बोलता. मी तुटलेली टोकं कापली. केस खांद्याच्या थोडे खाली राहिले, अंबाडा लहान झाला. त्यांना मी त्वचेच्या डॉक्टरांकडे पाठवलं होतं. त्यांनी मलम दिलं आणि पुढे कधीही रंग लावायचा झाला तर आधी त्या डॉक्टरांची परवानगी घ्यायची असं बजावलं. शिमग्यापर्यंत भांगात बोटभर पांढरं दिसू लागलं. त्याच्याखाली तांबूस, त्याच्याखाली काळं. "तिरंगा झालाय डोक्याचा," काकू म्हणाल्या.

मुलगा आला. पहिल्या दिवशी काय झालं ते मला मावशींनी सांगितलं. तो दारात चपला काढता काढता थबकला. "आई, केस पांढरे झाले तुझे."

"झाले," काकू म्हणाल्या. "भाकरी अजून गोल थापते ना मी? मग बस."

त्या आठवड्यात काकूंच्या गावी, नात्याला, पालखी होती. काकूंनी पालखीबरोबरच्या माणसांसाठी घरीच रांधलं. मुलगा वाढायला उभा राहिला. दुसऱ्या पंगतीला तो खांबाला टेकला, तिसरीला पायरीवर बसला. काकू शेवटपर्यंत उभ्या होत्या, मावशींना आणि पोळ्या लाटणाऱ्या शेजारणींना शिव्या घालत. मी तिथेच होतो, पाणी वाढत होतो. त्याने आईकडे बराच वेळ बघितलं आणि मग माझ्याकडे.

निघायच्या आदल्या दिवशी तो माझ्या पार्लरमध्ये आला. मला वाटलं भांडणार. खुर्चीत बसला आणि विचारलं, "आईला काय झालंय? खरं सांग. मला वाटलं काही आजार आहे."

मी त्याला सगळं सांगितलं, रविवारच्या मेंदीसकट. त्याने विचारलं, "माझ्यासाठी लावायची?"

"तुझ्या फोनसाठी."

तो आरशात स्वतःकडे बघत बसला. मग कानशिलावर बोट ठेवून म्हणाला, "मी पण लावतो. शॅम्पूसारखा येतो ना, दहा मिनिटांत काळे करणारा. ऑफिसात सगळी पोरं माझ्यापेक्षा लहान." मी त्याचे केस बघितले. तेही कोरडेच होते. आम्ही दोघंही हसायला लागलो, आणि खालच्या मोबाइलवाल्याने वर डोकावून बघितलं.

गाळ्याचा विषय त्याने निघताना काढला. पण एवढंच म्हणाला, "गुडघ्यासाठी उंच ओटा करून घेऊ. उभ्याने करता येईल." तो आता झाला आहे. काकू त्यावर रागावतात, कारण एवढ्या उंचावर पातेल्यातलं दिसत नाही असं त्यांचं म्हणणं. वापरतात मात्र रोज.

केस आता ताणून सोडले की मागे येतात. काकू महिन्यातून एकदा येतात, मी तेल घालून देतो, टोकं बघतो. त्या आरशात बघून विचारतात, "सुट्टी संपली काय रे?" मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणतात, "राहू दे अजून."

ते पत्र काकूंनी देवाच्या फोटोमागे ठेवलं होतं. हे लिहायचं म्हणून मागून आणलं. एका कोपऱ्याला हळदीचं बोट लागलंय. बाकी जसं होतं तसं देतो.

"ती. काकूंस सा. न.

तुम्ही माझ्यावर रागावला आहात हे जिन्यावर कळलं. समोर बोललो तर तुम्ही मला बोलू देणार नाही, म्हणून लिहितो. पुरतं वाचा, मग शिव्या द्या.

केस बाहेरून आपल्या कौलारू छपरासारखा असतो. एकावर एक कौलं बसलेली, म्हणून आत पाणी जात नाही. काळा रंग आत जाऊन बसायला ही कौलं उचलावी लागतात. मी जो रंग लावतो त्यातलं एक औषध हेच काम करतं. दुसरं औषध केसाचा मूळ रंग थोडा खातं आणि आत नवा रंग तयार करतं. नंतर कौलं पुन्हा बसतात, पण पहिल्यासारखी नाही. दोन महिन्यांनी एकदा उचलली तर छप्पर तग धरतं. दर आठवड्याला वानरं नाचवली तर काय होईल ते नाते गावातल्या तुमच्या घरावरून तुम्हाला माहीत आहे. तुमचे केस तसे झालेत. आत पाणी शिरतं, म्हणून ओले झाले की लांबतात आणि तुटतात. रंगही त्यात टिकत नाही, लवकर उतरतो, म्हणून तुम्हाला वाटतं की पुन्हा लावायला हवा. लावला की अजून कौलं फुटतात.

काळी मेंदी मेंदी नाही. तिच्यात माझ्याच ट्यूबमधला रंग आहे. म्हणजे मी लावत नव्हतो तेव्हाही तुम्ही लावतच होता, आणि तोही पूर्ण केसांना. कपाळाजवळ लाल झालंय ती तिचीच खूण असू शकते. काही जणांना या रंगाचा त्रास अचानक सुरू होतो आणि मग वाढतो. डोळे, तोंड सुजतं. म्हणून डॉक्टरांना दाखवा. तसं काही झालं तर वाट बघू नका, लगेच जा. लाज वाटून थांबू नका.

आता सुट्टी म्हणजे काय. काही महिने कसलाही रंग नाही. माझा नाही, मेंदीच्या नावाचा नाही, कोणी दुसरा लावतो म्हणाला तरी नाही. मी खोटं सांगणार नाही, जो केस फुटलाय तो पुन्हा जोडला जात नाही. केसाला घराच्या छपरासारखी नवी कौलं घालता येत नाहीत. पण मुळातून जो नवा येतो तो चांगला येतो, फक्त त्याला आल्या आल्या मारू नये. महिन्याला साधारण बोटाच्या एका पेराच्या अर्ध्याएवढा. तोवर जुने सांभाळायचे. धुण्याआधी खोबरेल लावा, ते केसाला खरंच राखतं. पण लाल झालंय तिथे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. भांडी घासल्यासारखे घासू नका. धुतल्यावर मी दिलेलं कंडिशनर फक्त टोकांना. ती पावसाळ्यातली ताडपत्री समजा. ओल्या केसांचा अंबाडा घालू नका, आणि चुलीपुढे केस वाळवू नका. टोकं मी कापून देतो.

शिमग्याला अबोलीची वेणी घाला. भांग थोडा बाजूला काढून देईन, पांढरी रेघ कमी दिसते. डोक्याला काजळ लावायचा विचार तुमच्या मनात आला असेल, तो सोडा.

तुम्हाला भीती कशाची आहे ते मला माहीत आहे. मुलगा केस बघून गाळा सोडायला लावेल ही. काकू, केस कपाळावरून गेले तर तो नक्कीच लावेल. पांढरे दिसले तर कदाचित नाही. एवढीच माझी गणितं आहेत. मला कावीळ झाली तेव्हा तुम्ही मला पेज दिलीत आणि मी तुमच्यावर चिडलो होतो. बाकी सगळे समोर बांगडा खात होते. तुम्ही म्हणालात, पोट सुट्टीवरून परत येईल मग खा. मी आज खातो. तसंच आहे हे.

तुमचा दुसरा.

ता. क. काळ्या मेंदीची पाकिटं फेकते म्हणाल आणि चहाच्या डब्यामागे ठेवाल. डब्यातून माझ्याकडे पाठवा. आणि वरणभात चालेल, पण त्यावर तूप घालायला विसरू नका."